परसातल्या हाडांचे वय

११ फेब्रुवारी १९९६, रविवार. काम नऊशे रुपयांना ठरले होते: परसात संडासाचा खड्डा, सात फूट खोल, माती कुंपणाबाहेर टाकण्यासह. हजर होते माझे सासरे, ज्यांना सारे गाव आबा म्हणते, माझ्या सासूबाई, खड्डा खणणारे दोघे भाऊ, आणि मी. माझी बायको आत चहा टाकत होती, त्यामुळे पहिल्यांदा तिने काही पाहिले नाही.

सासुरवाडी शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठी. गावाचा जुना भाग पांढरीवर बसलेला आहे. पांढरी म्हणजे पूर्वी कधीतरी वस्ती होती तिथली राखाडी, भुसभुशीत माती. आमच्याकडचे शेतकरी ती गाड्या भरभरून नेतात आणि खत म्हणून रानात पसरतात. तिच्यात खापरे, मणी, जनावरांची हाडे निघतात आणि कुणी त्यांच्याकडे बघतही नाही. त्यामुळे साडेचार फुटांवर हाड लागले तेव्हा खणणारा थोरला भाऊ म्हणाला, "बैलाचं असंल." धाकट्याने हाताने माती बाजूला केली आणि तो खड्ड्यातून वर आला. टिकाव तिथेच राहिला.

मी वाकून बघितले. कवटी होती. दात जवळजवळ सगळे जागेवर. छातीचा पिंजरा दबलेला, हात अंगालगत, मांड्या, नडग्या. नडग्यांच्या पुढे काही नव्हते. दोन्ही पाय घोट्याच्या वर संपत होते.

"पाय कुठायत?" सासूबाईंनी विचारले.

खड्डा तिथे अजून दोन फूट पुढे होता आणि ती माती आधीच स्वच्छ निघाली होती. पाय नव्हतेच.

आबा ओट्याच्या पायरीवर बसले. त्यांचे वय तेव्हा अडुसष्ट होते. शाळेत शिक्षक होते, निवृत्त झाल्यावर दीड एकर कसत होते. मी त्यांना कधी घाबरलेले पाहिले नव्हते आणि तेव्हाही ते घाबरलेले दिसले नाहीत. फक्त म्हणाले, "जावई, पोलीस पाटलाला बोलवा. झाकायचं न्हाई काय."

त्यांनी झाकायला सांगितले असते तर पुढचे काही झाले नसते. त्या दिवशी मला एवढेच वाटले की हे योग्य आहे.

संध्याकाळपर्यंत शिरूरहून फौजदार आले, पंचनामा झाला. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हाडे तपासली. कमरेच्या हाडांवरून बाई. दात आणि सांधे यांवरून वय तीसच्या आसपास. मरून किती दिवस झाले ते सांगता येत नाही, वीस वर्षे असतील किंवा जास्त. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिले होते. पण "वीस वर्षे किंवा जास्त" हे शब्द गावाने ऐकले आणि गावाला लगेच एक बाई आठवली.

माझी बायको तिला काकी म्हणते. आबांच्या धाकट्या भावाची बायको. बहात्तरच्या दुष्काळात ती घरातून गेली ती परत आलीच नाही. माझे लग्न त्यानंतर आठ वर्षांनी झाले, त्यामुळे मी तिला पाहिलेले नाही. घरात एवढेच सांगत: त्या उन्हाळ्यात ज्वारी मिळेना, घरातले सोने आधीच गेले होते, आणि तिच्या पायात माहेरचे चांदीचे तोडे होते. ते मोडावेत असे घरात निघाले. ती नाही म्हणाली. भांडण झाले. सकाळी ती नव्हती. वय अठ्ठावीस. मूल नव्हते. तिचा नवरा, म्हणजे आबांचा भाऊ, हा खड्डा खणला त्याच्या दहा वर्षे आधी वारला होता. म्हणजे विचारायला कर्ता माणूस एकच उरला होता, आबा.

तिचा सख्खा भाऊ तळेगाव ढमढेऱ्याला भाजीपाला करतो. आमच्या घरात सगळे त्यांना तळेगावचे मामा म्हणतात. चोवीस वर्षांत ते या घराच्या उंबऱ्याच्या आत आले नव्हते. तिसऱ्या दिवशी जीपने आले आणि परसाच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. फौजदारही तिथेच होते.

"पाय न्हाईत म्हनत्यात," मामा म्हणाले.

"नाहीत," फौजदार म्हणाले.

"तोडे निघत नव्हते तिचे. लहानपनी घातले व्हते, पाय मोठा झाला, तोडे तेवढेच. सोनाराला कापून काढाय लागले असते." मामा आबांकडे बघत होते. "यांनी तोडे न्हाई कापले."

मी तोवर हा विचारच केला नव्हता. तीसच्या आसपासची बाई, घराच्या परसात, पाय तोडलेले, आणि तोड्यांवरून झालेले भांडण. मी काम करतो त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत एखादा आकडा चार वेगवेगळ्या रीतींनी एकच आला तर आम्ही तो खरा मानतो. इथे चार गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळत होत्या. मी आबांकडे बघितले. ते मामांना म्हणाले, "पाव्हणं, आत या. उन्हात नका उभं राहू." मामा थुंकले आणि जीपमध्ये बसले.

मला दौंडला कामावर परतावे लागले. मी तिथल्या एका साखर कारखान्यात रसायनी म्हणून नोकरीला आहे. पण दर रविवारी आम्ही दोघे शिरूरला जात होतो. एस.टी. स्टँडवर ओळखीचे लोक बोलायचे थांबायचे किंवा मुद्दाम बोलायचे. एकदा चहाच्या टपरीवर एकजण दुसऱ्याला सांगत होता, "पाय तोडल्यावर भूत मागं लागत न्हाई. मास्तर शिकल्याला मानूस हाय, हिशेबानं केलं." दुसरा हसला. त्यांना मी कोण ते ठाऊक होते. मी चहाचे पैसे देऊन निघालो. बायकोने विचारले काय झाले. मी म्हणालो, काही नाही, गर्दी आहे.

आबांना दर सोमवारी शिरूरच्या ठाण्यावर जाऊन बसावे लागे. अटक झाली नव्हती. फौजदार मला म्हणाले, "मरण कधीचं ते कळलं तर गुन्हा दाखल करतो, नाहीतर मिटवतो. मधे लोंबकळत ठेवायला मलाही आवडत नाही." गृहस्थ सरळ होते. आवाज चढवत नसत.

मार्चमध्ये पुण्याहून पुरातत्त्व शिकवणाऱ्या बाई आल्या. पेपरात छोटी बातमी आली होती, 'परसात पाय नसलेला सांगाडा', ती वाचून त्या आपणहून आल्या. पंचेचाळिशीच्या असाव्यात, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी. खड्ड्यात उतरल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डोकं उत्तरेकडे होतं का?"

फौजदारांनी पंचनाम्यातला नकाशा बघितला. "हो."

"आणि खाली चुन्यासारखी टणक जमीन?"

"टिकाव आपटत व्हता तिथं," खणणारा थोरला भाऊ म्हणाला. त्यालाही जबाबासाठी बोलावले होते.

"मग ही घराची जमीन आहे. या नदीच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वी लोक आपली माणसं घरातच, जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसाचे पाय घोट्याजवळ कापून. आम्हाला अशी पुष्कळ सापडली आहेत. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून करत असावेत, असा आमचा अंदाज आहे."

मला आधी सुटल्यासारखे वाटले आणि मग त्यांचे वाक्य पुन्हा मनात आले तसा काटा आला. घरातल्यांनीच, आपल्या माणसाचे.

फौजदारांनी विचारले, "कागदावर काय लिहू? बाई म्हणतात म्हणून?"

"कोळसा आहे ना इथं, मातीत. त्याचं वय काढता येतं."

"मॅडम, कोळसा जुना असेल. गावच जुन्या राखेवर आहे. जुन्या राखेत नवा माणूस पुरता येतो. खापरांचंही तेच."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मग हाडाचंच वय काढायचं."

त्या दिवशी ओट्यावर बसून त्यांनी आम्हाला जे समजावले ते मी माझ्या शब्दांत लिहितो, कारण पुढचे सगळे त्याच्यावर अवलंबून होते. हवेतल्या कार्बनमध्ये अगदी थोडा भाग किरणोत्सारी कार्बनचा असतो. झाड तो घेते, झाड खाणारा घेतो, आपण अन्नातून घेतो. जिवंत असेपर्यंत तो येत राहतो आणि शरीरात त्याचे प्रमाण साधारण हवेइतकेच असते. माणूस मेला की येणे बंद. आत असलेला मात्र हळूहळू फुटून कमी होत जातो. पाच हजार सातशे तीस वर्षांत निम्मा उरतो. आणखी तितकीच वर्षे गेली की त्या निम्म्याचा निम्मा, म्हणजे चौथा हिस्सा. थंडी, ऊन, माती, कशानेही हा वेग बदलत नाही.

"म्हणजे दुसऱ्या वेळी शून्य नाही होत," फौजदार म्हणाले.

"नाही. दर वेळी उरलेल्याचा निम्मा."

हे मला कळायला जड गेले नाही. रसाला आंबटपणा आला की त्यातली साखर फुटते, तीही अशीच: जितकी उरली असेल तिचा ठरावीक हिस्सा दर तासाला. साखर कमी उरली की फुटणेही कमी. फक्त आमच्याकडे उष्णता वाढली की वेग वाढतो, इथे वाढत नाही. मी बाईंना विचारले, "समजा ती काकी असती, चोवीस वर्षांपूर्वीची. मग किती उरेल? मी तोंडी केलं तर शंभरातले नव्व्याण्णव पूर्णांक सात येतात. एवढा बारीक फरक तुमच्या यंत्राला कळेल?"

"नाही कळणार. यंत्राची चूकच अर्ध्या टक्क्याच्या वर असते. पण तशी वेळ येणार नाही. तुमची काकी असेल तर आकडा शंभराच्या वर येईल."

मी म्हणालो, "शिल्लक मुळापेक्षा जास्त कशी असेल?"

"पन्नास-साठच्या दशकांत मोठ्या देशांनी उघड्यावर अणुबाँब फोडून बघितले. त्यानं हवेतला हा कार्बन एकदम वाढला, एका वेळी जवळजवळ दुप्पट झाला. बाँबच्या आधीची हवा म्हणजे शंभर, असं आम्ही धरतो. बहात्तर साली जी बाई जेवत होती, तिच्या हाडात बाँबनंतरची ज्वारी आहे. तिचा आकडा शंभराच्या वरच."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "आमच्या ज्वारीत बाँब?"

"सगळ्यांच्याच," बाई म्हणाल्या. "तुमच्या, माझ्या."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यानंतर कित्येक दिवस त्या भाकरी करताना मधेच थांबत.

फौजदारांनी आपल्या खिशातल्या डायरीत बाईंकडून तीन ओळी लिहून घेतल्या आणि मोठ्याने वाचल्या. शंभराच्या वर आला तर अलीकडचे प्रेत. शंभराच्या जरा खाली आला तर शे-दोनशे वर्षांतले, त्यात पोलिसांना काम नाही. सत्तरच्या आसपास आला तर बाई म्हणतात तसे. मग त्यांनी आबांकडे बघून सांगितले, "गुरुजी, शंभराच्या वर आला तर मी त्याच दिवशी तुम्हाला घेऊन जाईन. नंतर बोलू नका."

"न्हाई बोलत," आबा म्हणाले.

"कार्बन मोजायचा तो हाडातल्या प्रथिनातला, ते टिकलं असेल तरच उत्तर येईल," बाई म्हणाल्या. "आपल्याकडच्या उष्णतेत बहुतेक वेळा उरत नाही. मग काहीच कळणार नाही. ते आत्ताच सांगून ठेवते."

आपल्याकडच्या प्रयोगशाळांना त्या वेळी या कामाला खूप हाड लागे. थोड्याशा हाडात काम करणारे यंत्र परदेशात होते आणि बाईंच्या विभागाचे तिथल्या लोकांबरोबर काम चालू होते. परवानग्यांना एप्रिल उजाडला. तहसीलदारांसमोर मांडीच्या हाडाचा बोटाएवढा तुकडा कापला, डबीत घालून लाखेने मोहोर केली. मामांना बोलावले होते. तुकडा कापताना ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. नंतर फौजदारांना म्हणाले, "बाकीची हाडं कवा मिळतील? अग्नी द्यायचा हाय मला."

"आधी कळू द्या कुणाची आहेत."

"मला कळलंय."

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. आबांचे सोमवार चालूच होते. त्यांची शिकवणी बंद झाली होती. गावातली चार मुले संध्याकाळी गणिताला येत ती यायची थांबली. आबा कुणाला काही म्हणाले नाहीत. मी त्यांना कधी विचारले नाही की त्या सकाळी काय झाले होते. एकदा माझ्या बायकोने विचारायला तोंड उघडले आणि सासूबाईंनी तिला विहिरीवर पाठवले.

ऑक्टोबरमध्ये उसाचे गळीत सुरू होण्याआधी यंत्रांची साफसफाई चालते, तेव्हा मी प्रयोगशाळेतच असतो. अकराच्या सुमारास फोन आला. पुण्याच्या बाईच होत्या.

"प्रथिन मिळालं," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या. शून्य दशांश सात शून्य दोन. चूक शून्य दशांश शून्य शून्य सहा."

"सत्तर टक्के?"

"सत्तर पूर्णांक दोन. मी फौजदारांना ठाण्यावर फोन केलाय. कागद टपालानं येतोय."

मी खाली बसलो. समोरच्या तक्त्यांचे पुस्तक उघडले, खरे तर गरज नव्हती. ०.७०२ चा लॉगरिदम काढला, अर्ध्याच्या लॉगरिदमने भागले. शून्य दशांश पाच एक शून्य पाच आले, म्हणजे एका अर्धायुष्याच्या, निम्मा उरायला लागणाऱ्या काळाच्या, निम्म्याहून किंचित जास्त. गुणिले पाच हजार सातशे तीस: दोन हजार नऊशे पंचवीस वर्षे. पुन्हा केले. तेच आले. आकडे वेडेवाकडे पडले होते. शेजारच्या सहकाऱ्याने विचारले, "घरी सगळं बरं ना?" मी म्हणालो, "सासऱ्यांचा रिपोर्ट आला." तो म्हणाला, "नॉर्मल आहे ना?"

जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला, पण त्याबरोबर दुसरेच काही आले. मी सोळा वर्षे ज्या परसात दात घासले, जिथे आमच्या मुलांची बारशी झाली, तिथे तीन हात माती आणि तिच्याखाली एक बाई, तीन हजार वर्षे. तिच्या घरात, तिच्याच माणसांनी ठेवलेली. हा धक्का कुणाला सांगावा ते मला कळेना.

पुढच्या रविवारी फौजदार साध्या कपड्यांत आमच्याकडे आले. बाईही आल्या होत्या, कागद घेऊन. मामांना फौजदारांनीच निरोप धाडला होता. या वेळी ते कुंपणाच्या आत, पण ओट्याखाली उभे राहिले.

कागदावर वय दोन हजार आठशे बेचाळीस, अधिक उणे सत्तर, असे होते. माझे दोन हजार नऊशे पंचवीस आले होते. मी विचारलेच. बाई म्हणाल्या, "तुमचं गणित बरोबर आहे. पण जगभर सगळे जुनंच अर्धायुष्य वापरतात, पाच हजार पाचशे अडुसष्ट. नवं सापडेपर्यंत हजारो आकडे त्यानं छापले होते, म्हणून तेच चालू ठेवलं. नंतर झाडांच्या वर्षवलयांवरून दुरुस्ती करतात, कारण पूर्वीच्या हवेतलं प्रमाणही अगदी स्थिर नव्हतं. ती केली की साधारण तीन हजार वर्षं येतात. थोडं इकडे, थोडं तिकडे."

फौजदारही आकडेमोड करून आले होते. "निम्मा जायला पाच हजार सातशे तीस. तीस टक्के गेलाय. त्रैराशिक मांडलं तर साडेतीन हजाराच्या जवळ येतात."

"त्रैराशिक इथे चालत नाही," मी म्हणालो. "सुरुवातीला जास्त असतो म्हणून जास्त फुटतो. पहिले तीस टक्के लवकर जातात."

"माझ्या कामाला दोन्ही पुरतात," ते म्हणाले. "आणि यंत्राची चूक असेल तर? हाडाला नवं काही लागलं असेल?"

"नवं लागलं तर आकडा वर जाईल, खाली नाही," बाई म्हणाल्या. "चोवीस वर्षांपूर्वीचं हाड सत्तरवर आणायचं तर त्यात दगडी कोळशाइतका जुना कार्बन तिसऱ्या हिश्श्यानं मिसळावा लागेल. आणि तो प्रथिनात शिरत नाही."

डोक्यावर टोपी नव्हती तरी फौजदारांनी सवयीने कपाळावर हात नेला आणि आबांना म्हणाले, "गुरुजी, सोमवारी येऊ नका."

सासूबाई रडल्या. बायकोने माझा दंड धरला. माझे लक्ष मामांकडे गेले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती, तिच्यात नवे पांढरे कापड दिसत होते. हाडे न्यायला आणले होते.

"म्हंजी ती न्हाई," मामा म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या.

"तीन हजार."

"हो."

मामा पायरीवर बसले. उंबऱ्यापासून दोन हातांवर. "फेब्रुवारीपासनं मला वाटत व्हतं, सापडली. वाईट झालं, पर सापडली. सुतक पाळलं मी. बायकोला म्हनलं, आता डोळं मिटाय मोकळा झालो." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "मंग माझी आक्का कुठं हाय?"

आठ महिने आम्ही सगळे त्या एका आकड्याची वाट बघत होतो आणि मी एकदाही याचा विचार केला नव्हता की आकडा आमच्या बाजूने आला तर या माणसाची बहीण पुन्हा हरवेल.

आबा उठले. भिंतीला हात लावून उभे राहिले आणि मामांशी बोलले, आमच्याकडे न बघता.

"पाव्हणं, ती गेली तवा मी जागा व्हतो. उजाडत व्हतं. ती उंबऱ्यात आली, मी बाजंवर. मी म्हनालो, जायचं तर जा, तोडे घेऊन जा. ती गेली. तोडे वाजत व्हते पार वेशीपत्तूर."

सासूबाईंचे रडणे थांबले. त्यांनाही हे माहीत नव्हते.

"मला वाटलं तुमच्याकडं तळेगावला गेली. तिसऱ्या दिशी कळलं न्हाई गेली. मंग मी दौंडला गेलो. फलाटावर इचारलं. एक हमाल म्हनला, तोड्यावाली बाई सोलापूरच्या गाडीत बसली. घरी येऊन सांगितलं न्हाई. मी जा म्हनलो व्हतो, त्ये सांगाय लागलं असतं."

"चोवीस वरसं," मामा म्हणाले.

"व्हय."

"मी तुम्हाला खुनी समजलो आन् तुम्ही समजू दिलं."

"त्ये बरं वाटत व्हतं," आबा म्हणाले. "खोटं व्हतं म्हणून."

मला वाटले मामा आता अंगावर जातील. फौजदारही अर्धे उठले होते. पण मामांनी विचारले, "सोलापूरच्या गाडीत? नक्की?"

"हमाल तसं म्हनला."

"म्हंजी जिती असंल."

काकी असती तर बावन्न वर्षांची असती. फौजदार म्हणाले, हरवल्याची तक्रार आता नव्याने घेता येईल, मी घेतो, सोलापूरला कळवतो, पण पेपरात जाहिरात दिलीत तर जास्त उपयोग. फोटो आहे का? मामांकडे होता, लग्नातला. तो त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशातच होता.

बाईंनी सांगाडा पुण्याला नेला. खड्डा आम्ही दुसऱ्या कोपऱ्यात खणला.

जाहिरातीचा मजकूर आबांनी लिहिला, मामांनी दोन शब्द बदलायला लावले. 'रागावून' होते तिथे 'घरच्यांनी जा म्हटल्यावरून' असे घातले. सोलापूरच्या आवृत्तीत फोटोसह तीन रविवारांचे सातशे वीस रुपये झाले. ते आबांनी शिरूरच्या स्टँडसमोरच्या वर्तमानपत्र एजंटाला रोख दिले. मामा शेजारी उभे होते. पावती त्यांनी घेतली.